यादीतली अकरा नावं

"सर, ते मशीन शंभरात दोनदाच चुकतं म्हणतात. मग यादीत नाव आलेलं पोरगं अठ्ठ्याण्णव टक्के दोषीच झालं की?"

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. मी संख्याशास्त्र शिकवतो आणि निबंध एआयने लिहिलाय का हे सांगणारी सॉफ्टवेअरं आल्यापासून असा हिशोब स्टाफरूममध्ये पुन्हा पुन्हा ऐकतो. चूक नेमकी कुठे होते ते बघू.

शंभरात दोन खरं, पण कुठल्या शंभरात? स्वतःच्या हाताने लिहिलेल्या शंभर निबंधांत मशीन दोघांवर उगाच बोट ठेवतं, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. यालाच फॉल्स पॉझिटिव्हचं प्रमाण म्हणतात. यादीतल्या शंभर नावांत निर्दोष किती, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर या दोन टक्क्यांत कुठेच नाही. ते मिळवायचं तर मुळात किती मुलांनी नक्कल केली, हे धरून चालावं लागतं.

वर्गात हे नुसत्या आकड्यांनी पटत नाही, म्हणून मी एकदा घरून तूर आणि हरभरा नेला. ५७० दाणे तुरीचे, ही प्रामाणिक मुलं. ३० हरभरे, म्हणजे ज्यांनी खरंच एआयकडून लिहून घेतलं ते. मुलांनी टेबलावर दहा-दहाचे ढीग लावून मोजले, सगळे मिळून ६०० झाले. मशीन शंभरातले ऐंशी नकलाकार पकडतं असं धरलं, तर तीसपैकी २४ हरभरे बाजूला आले. तुरीचे दोन टक्के म्हणजे ११.४, आम्ही ११ दाणे उचलले. बाजूला पडलेल्या ढिगात आता ३५ दाणे होते आणि त्यातले ११ तुरीचे. जवळजवळ तिसरा हिस्सा! मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, तूर एवढी जास्तय, दोन टक्के म्हणलं तरी मूठ भरती." त्याने एका वाक्यात सगळं सांगितलं. प्रामाणिक मुलांचा ढीगच मोठा असतो, त्यामुळे त्यातला छोटासा हिस्साही नकलाकारांच्या बरोबरीला येऊन बसतो.

मग एक हरभरा न ठेवता तेच करून पाहिलं. ६०० च्या ६०० तूर. मशीन तरीही १२ नावं देतं, आणि बाराही निर्दोष. उलट निम्म्या वर्गाने नक्कल केली असती, तर २४० पकडले गेले असते आणि उगाच अडकलेले ६. मशीन तेच, चुकीचं प्रमाण तेच, तरी यादीवर भरवसा किती ठेवायचा ते पार बदलतं. म्हणून "मशीन अठ्ठ्याण्णव टक्के अचूक आहे" असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, तुमच्या वर्गात नक्कल करणारी मुलं किती असतील असं तुम्हाला वाटतं? बहुतेकांनी त्याचा विचारच केलेला नसतो.

आणि हे झालं एका निबंधाचं. वर्षात आठ निबंध घेतले, तर प्रामाणिक मुलांचे ४,५६० निबंध मशीनखालून जातात आणि साधारण ९१ वेळा खोटी तक्रार उठते. मोठ्या संस्थांनी हा गुणाकार करून पाहिलाय. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने २०२२ मध्ये टर्निटिन या नक्कल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरकडे ७५,००० पेपर पाठवले होते. चुकीचं प्रमाण एक टक्का धरलं, तरी सुमारे ७५० पेपरांवर खोटा ठपका बसला असता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये टर्निटिनमधली एआय ओळखण्याची सोय त्यांनी बंद केली, तेव्हा दिलेल्या कारणांत हा हिशोबही होता.

त्या ९१ खोट्या तक्रारी सगळ्या मुलांत सारख्या वाटल्या गेल्या असत्या, तर मला एवढं लागलं नसतं. त्या तशा वाटल्या जात नाहीत. ही सॉफ्टवेअरं मुख्यतः बघतात ते एक: पुढचा शब्द कितपत अपेक्षित होता. शब्द सरळ, वाक्यं ठरावीक, पुढे काय येणार ते आधीच कळतंय, असं असलं की मजकूर मशीनला यंत्राने लिहिल्यासारखा वाटतो. आता आपली मराठी माध्यमातून आलेली पोरं इंग्रजी निबंध कसा लिहितात ते आठवा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी परभाषिकांनी लिहिलेले ९१ निबंध सात सॉफ्टवेअरांतून काढले. सरासरी ६१ टक्के निबंधांवर खोटा ठपका बसला. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे सुटले. म्हणजे शंभरात दोन हा आकडा कुणाच्या निबंधांवर मोजलाय, हे विचारल्याशिवाय तो आपल्याकडे लावताच येत नाही.

सहकारी मग सुचवतात, अडकलेले निबंध दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून काढू, दोन्हीकडे आलं की पक्कं. दोन साक्षीदार एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तरच दुसऱ्याच्या साक्षीला वजन असतं. इथे दोघंही एकच गोष्ट मोजतात, त्यामुळे चुकतातही एकाच मुलावर. स्टॅनफर्डच्या त्या ९१ निबंधांपैकी १८ निबंध सातही सॉफ्टवेअरांनी एकमुखाने यंत्राचे ठरवले होते, आणि ते लिहिले होते माणसांनी.

एका कॉलेजात अशा यादीतल्या मुलांशी बोलायला मला बोलावलं होतं. पस्तीसेक नावं होती. प्रत्येकाला दहा मिनिटं दिली तरी सहा तासांत काम उरकतं. लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली मुलगी समोर बसली. निबंध पाण्यावर होता. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा ती प्राथमिक शाळेत होती. तिने दप्तरातून दोनशे पानी वही काढली. आधी मराठीत लिहिलेलं, "टँकर आला की आज्जी दोन हंडे अन् मला घेऊन पळायची." त्याखाली पेन्सिलने इंग्रजी शब्द, काही खोडलेले, 'हंडा' या शब्दावर तीनदा गिरवलेलं. शेवटी इंग्रजीत आज्जीही नव्हती आणि हंडेही नव्हते. सुरुवात होती "वॉटर इज अ प्रेशस गिफ्ट ऑफ नेचर."

"हे वाक्य कुठून आलं गं?" मी विचारलं.

"दहावीच्या गाईडात होतं सर. पाठच आहे. आज्जीचं लिहिलं होतं, पण इंग्लिशमध्ये चुकेल असं वाटलं, म्हणून काढलं."

मी वहीच्या त्या पानांचे फोटो जोडून अहवाल दिला. तिचं नाव यादीतून निघायला तीन आठवडे लागले. तोवर अंतर्गत गुणांच्या रकान्यात तिच्या नावापुढे नुसती रेघ होती.