आमची वाटचाल : बाराच नगांपायी अडलेलं बिल

आमचं वर्कशॉप लहान, सुटे भाग बनवून देणारं. सुरुवातीच्या काळात एक बिल बरेच दिवस अडकलं, तेव्हा मी खरेदी अधिकाऱ्याला न सांगता थेट त्यांच्या साहेबांना मेल टाकला. साहेबांनी तो "कृपया पाहा" एवढं लिहून त्याच अधिकाऱ्याकडे पाठवला. बिल त्याच टेबलावर परत आलं आणि "परस्पर वर गेलात" हा राग वर्षभर राहिला. अधिकारी चुकीचे नव्हते. साहेबांनी "काय भानगड आहे?" विचारल्यावर ते तोंडघशी पडले होते, आणि ते माझ्यामुळे.

पुढे दुसऱ्या एका गिऱ्हाइकाकडे तसाच प्रसंग आला. ४०० ब्रॅकेटची ऑर्डर चालू असताना ड्रॉइंग बदललं. नवं ड्रॉइंग हातात येईपर्यंत १२ नग जुन्या मापाचे तयार झाले होते. तपासणीत ३८८ पास झाले, पण १२ नगांचा भुर्दंड कोणी सोसायचा हे ठरेना, म्हणून अख्खं बिल थांबलं. तिथल्या खरेदी अधिकाऱ्यांना तीनदा विचारलं, तिन्ही वेळा "बघतो" हेच उत्तर. तेव्हा लक्षात आलं की असा खर्च मान्य करण्याचा अधिकारच त्यांच्याकडे नाही, आणि तसं बोलून दाखवणं त्यांना जड जातंय.

मी फोन केला. म्हटलं, "साहेब, हा निर्णय तुमच्या एकट्यावर पडू नये असं मला वाटतं. तुम्ही वर बोलता, की मी आपल्याच मेलमध्ये मोठ्या साहेबांना घेऊन लिहू? आधी तुम्हाला दाखवतो." त्यांचा आवाज लगेच सैल झाला. "तुम्हीच लिहा, मला बरं पडेल," म्हणाले.

नवा मेल काढला नाही. जुन्याच मेलला उत्तर दिलं, म्हणजे सगळ्या तारखा खाली आपोआप दिसतात. 'प्रति'मध्ये दोघांची नावं, अधिकाऱ्यांचं पहिलं. मजकूर एवढाच:

"ड्रॉइंग बदलल्यामुळे १२ नगांचा प्रश्न राहिला आहे. आपल्या अधिकाऱ्यांनी तपासणी वेळेत करून दिली, त्याबद्दल आभार. खर्चाचा निर्णय आपल्या स्तरावरचा असावा असे वाटते. तोवर ३८८ नगांचे बिल वेगळे मंजूर करता येईल का? येत्या शुक्रवारपर्यंत कळवल्यास सुधारित बिल लगेच पाठवतो."

"वारंवार कळवूनही" हे शब्द पहिल्या मसुद्यात होते, ते मी खोडले. त्या दोन शब्दांत अधिकाऱ्यांची तक्रारच होती. मोठ्या साहेबांना होय-नाही म्हणता येईल असा एकच प्रश्न ठेवला.

अधिकारी फोनच उचलत नसतील, तर हे इतकं सोपं नसतं. तेव्हा मी आधी त्यांनाच लिहितो, "परवापर्यंत आपलं बोलणं झालं नाही, तर आपल्याला सोबत ठेवूनच साहेबांना विचारतो," आणि खरोखर परवापर्यंत थांबतो.

साहेबांनी या वेळीही आधी अधिकाऱ्यांनाच विचारलं. त्यांचं उत्तर तयार होतं. ३८८ नगांचं बिल शुक्रवारच्या आत मंजूर झालं. बारांचा खर्च निम्मा-निम्मा ठरला, आणि तो निरोप अधिकाऱ्यांनी स्वतः फोन करून दिला.