फोटोतला ‘लाकडी तुकडा’

बांधकामाच्या साइटवर स्टोअर सांभाळायला लागून मला तेव्हा चारच महिने झाले होते. एक गवंडी टोळी काम अर्धवट टाकून गेली, जाताना हत्यारांचं एक पोतं मागे राहिलं. मी त्या दिवशी तालुक्याच्या ऑफिसात होतो. साहेबांनी फोनवर सांगितलं, “वॉचमनकडून फोटो मागव आणि यादी पाठव. नव्या टोळीला तेच देऊ.”

फोटो आला. सगळं एका ताडपत्रीवर पसरलेलं. थाप्या ओळखायला वेळ लागला नाही, मूठ आणि पुढे निमुळतं होत गेलेलं पातं. त्याशेजारी दोन फळ्या होत्या. एक जाड लाकडाची, पाठीवर मूठ ठोकलेली, तो रंधा. (यादीत नुसतं ‘रंधा’ लिहिलं आणि खरेदीवाल्याने विचारलं, सुताराचा की गवंड्याचा? त्यानंतर मी ‘गिलाव्याचा रंधा’ लिहू लागलो.) दुसरी पातळ पत्र्याची, पाठीवर रिबिटं दिसणारी. तो गुरमाळा. रंध्याने गिलावा सपाट होतो पण खरबरीत राहतो, गुरमाळ्याने गुळगुळीत होतो. त्यामुळे एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

एका लांब पट्टीवर मी अडलो. ती फोटोत आडव्या कडेवर ठेवली होती आणि साधी ॲल्युमिनिअमची पट्टी वाटत होती. फोटो मोठा केला तेव्हा मध्ये एक खिडकी दिसली. तिच्यातली काचेची नळी पलीकडच्या बाजूला होती म्हणून बुडबुडा दिसत नव्हता. म्हणजे ती पाणसळ होती. स्वतःवर जरा खूश झालो.

त्याच खुशीत पुढचं लिहिलं: ‘ओळंबा १, दोरीसह. लाकडी तुकडा १, भंगार.’

वॉचमनने यादी वाचली आणि भंगार म्हटलेलं चुलीत गेलं.

तीन आठवड्यांनी गिलाव्याचे मिस्त्री मामा आले. मराठवाड्याकडचे, बोलणं कमी. आत ओळंबा धरून त्यांनी भिंतीवर ठिय्ये लावले, म्हणजे गिलाव्याची जाडी ठरवणाऱ्या मालाच्या खुणा, आणि मला हाक मारली. “सायेब, खाली अर्धा इंच माल लागतोय, वर जवळपास एक इंच. भिंत पाठीमागं गेलीय.” मोजलं. तळाशी बारा मिलिमीटर, तीन मीटर उंचीवर चोवीस.

भिंत बांधणारा नव्या टोळीतला गवंडी चिडला. “मी दर थराला ओळंबा लावलाय!” मामा शांतपणे म्हणाले, “दाव तुझा ओळंबा.”

दोन्ही ओळंबे शेजारी ठेवले. मामांच्या लोखंडी गोळ्यासोबत दोरीत ओवलेला एक लाकडी गुटका होता, गोळ्याच्या व्यासाएवढाच रुंद. गवंड्याच्या दोरीत प्लायचा तुकडा. त्याला मिळालेल्या ओळंब्याला गुटकाच नव्हता, म्हणून त्याने अंदाजाने एक कापून घेतला होता. गोळा ३८ मिलिमीटरचा, तुकडा ४६ चा.

मामांनी मला भिंतीला लावून दाखवलं. गुटका वर भिंतीला टेकवायचा, दोरी त्याच्या मधोमध. गुटका ३८ चा असेल तर दोरी भिंतीपासून १९ वर राहते, आणि गोळ्याची त्रिज्याही १९. भिंत सरळ असेल तर गोळा तिला नुसता शिवतो. दोरी ४६ च्या मध्यावर, म्हणजे २३ वर गेली की अगदी सरळ भिंतीलाही खाली चार मिलिमीटरची फट दिसते. गवंड्याला वाटलं, वरची वीट बाहेर आलीय. त्याने ती आत सरकवली, फट गेली, तो निवांत झाला.

चार मिलिमीटरचे बारा कसे झाले, हे मात्र मला कळत नव्हतं. ते गवंड्यानेच सांगितलं. तो मीटर-मीटरच्या टप्प्याने बांधत होता, आणि परांचीवर चढला की ओळंबा तळापर्यंत न सोडता कालच्या थरापर्यंतच सोडत होता. तीन टप्पे, दर टप्प्याला चार. तळापर्यंत सोडला असता तर चूक चारवरच राहिली असती.

भिंत पाडली नाही. मामांनी वरच्या भागात दोन हातांत गिलावा चढवला, आधीचा हात खरबरीत ठेवून, दुसऱ्या दिवशी वरचा. माल आणि मजुरी जास्त गेली. साहेब गवंड्याला बोलले तेव्हा ती यादी माझ्या खिशात होती. ती काढून त्यांच्या हातात दिली आणि चुलीत गेलेल्या तुकड्याची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, “तो गुटका कशाला असतो हे तुला आज कळलं?”

“हो.”

आता फोटो मागवताना सांगतो, हत्यारं उताणी-पालथी करून दोनदा काढा, आणि ओळंबा गुटक्यातून दोरी ओवूनच ठेवा. शेजारी दहाचं नाणं ठेवा. ते २७ मिलिमीटरचं असतं, गोळा आणि गुटका त्यावरून ताडता येतात.

मामांनी त्या दिवशी सागाचा एक नवा गुटका घासून दिला. तो मी स्टोअरच्या रजिस्टरात स्वतंत्र ओळीत लिहिला: ‘ओळंब्याचा गुटका, १ नग.’