तुम्ही विचारलंत म्हणून: केलेलं काम माझ्या वेबसाइटवर दाखवू का, हे विचारायला पहिल्या क्लायंटला पाठवलेला तो मेल

"अगं, क्लायंट एवढा खूश आहे, फोनवर हो पण म्हणाला, मग मेलबिल कशाला? सरळ टाक ना वेबसाइटवर!"

असं तुम्ही म्हणता. पण ते हो म्हणाले ते कशाला, हे आधी बघा. एका स्पेअर पार्ट्स कंपनीसाठी मी डीलरच्या ऑर्डरची सिस्टीम केली होती. तिच्या संचालकांना विचारलं, "सर, हे काम इतरांना दाखवलं तर चालेल ना?" ते म्हणाले, "अहो दाखवा की, त्यात काय." त्यांच्या डोळ्यासमोर मी कुणाला तरी लॅपटॉपवर दाखवतेय एवढंच होतं. माझ्या डोक्यात कंपनीच्या लोगोसकट वेबसाइट होती, जी त्यांचे डीलरही बघू शकतात आणि स्पर्धकही. तो हो मी कुठे कुठे ताणायचा?

म्हणून लिहिलं. आणि नाही, लांबलचक नव्हतं, हे घ्या:

"नमस्कार सर, ऑर्डरची सिस्टीम आता नीट चालू झालीय. परवा तुम्ही म्हणालात, 'ऑर्डर कुठे पोचली हे विचारायला डीलरचे फोन येणं बंद झालं, ते स्वतःच बघतात.' हे वाक्य तुमच्या नावाने आणि पदासकट माझ्या वेबसाइटवर वापरू का? शब्द बदलायचे असतील तर बिनधास्त बदला. दुसरी गोष्ट वेगळी आहे: सोबतच्या दोन स्क्रीन दाखवू का? दर आणि नावं खोटी टाकलीत. कंपनीचं नाव, लोगो चालेल की नको? एकाला हो, एकाला नाही म्हणालात तरी काहीच अडचण नाही."

वाक्य मीच का लिहून दिलं, हेही विचारतात. कारण "दोन ओळी लिहून द्या" म्हटलं की माणूस बिचारा अडकतो आणि शेवटी लिहितो, "काम उत्तम व वेळेत. शुभेच्छा." ते कुणालाही लागू पडतं, वाचणाऱ्याला कळत काहीच नाही. फोन बंद झाले हे मात्र कळतं. यावर कुणी म्हणेल, म्हणजे तू शब्द त्याच्या तोंडात घातलेस. नाही घातले, त्यांचेच होते. पण खरं सांगायचं तर त्याच फोनवर मोबाइलवर सर्च हळू चालतो अशी कुरकुरही होती, ती मी नाही उचलली. प्रशंसापत्रात कोण उचलतं?

आता उत्तर. वाक्याला लगेच होकार. स्क्रीनबद्दल, "थांबा, पार्टनरना विचारतो." मग बरेच दिवस काही नाही, मी एकदाच आठवण केली, आणि पार्टनरचा फोन आला. पहिल्या स्क्रीनला हरकत नाही, त्यावर नुसता ऑर्डरचा प्रवास होता. दुसरीत एक कॉलम होता, डीलरनुसार डिस्काउंट. मी म्हटलं, आकडे तर खोटे आहेत. ते म्हणाले, "आकड्यांचं नाही हो, कॉलमचं आहे. प्रत्येक डीलरला वेगळा डिस्काउंट मिळतो हेच डीलरना माहीत नाही."

मी गप्पच झाले. ब्लर करून उपयोग नव्हता, कॉलमचं शीर्षकच सगळं सांगत होतं, आणि कॉलम काढला तर स्क्रीनमध्ये उरत काय, कारण मी जी डोकेफोड केली होती ती तेवढ्याचसाठी, की ऑर्डर टाकताना ज्याचा त्याला बरोबर दर दिसावा आणि ऑफिसमधल्या कुणाला वही उघडावी लागू नये. माझं सगळ्यात चांगलं काम नेमकं तेच होतं. राग आला, खोटं कशाला बोलू. डिझाइन माझं, रात्री माझ्या, आणि दाखवायचं नाही? मेल पाठवायच्या आधीची मी असते तर म्हणाले असते, पैसे कामाचे दिले, गप्प बसायचे नाही दिले. आजही त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही वाटत. पण त्यांच्या धंद्याची अख्खी घडी त्या कॉलमवर बसलीय, तेही दिसतंय.

तडजोड अशी झाली: पहिलीच स्क्रीन, लोगो नाही, आणि प्रशंसापत्राखाली नावाऐवजी "संचालक, स्पेअर पार्ट्स कंपनी". आता नाव नसलेलं कौतुक लोक संशयानेच वाचतात. पुढच्या एकाने विचारलंच, "हे संचालक कोण?" मी म्हटलं सांगू शकत नाही, तर तो नुसता हसला.

तर, मेल केला म्हणून दुसरी स्क्रीन गेली, असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबर आहे. न विचारता टाकली असती तर कदाचित कुणाच्या लक्षातही आलं नसतं, आणि कदाचित एखाद्या डीलरने दुसऱ्या दिवशी त्यांना फोन करून विचारलं असतं, माझा डिस्काउंट किती आणि त्याचा किती.

आता मी कोटेशनमध्येच एक ओळ टाकते, की काम झाल्यावर ठरलेल्या स्क्रीन, तुम्ही एकदा पाहून मान्य केल्या की, मला दाखवता येतील. परवाच्या क्लायंटने सगळं वाचून सही केली, तेवढी ओळ मात्र खोडून.