रेडीच्या वाटेत टाकलेला एक फ्लॉप

आमची एफपीजीएवरची व्हिडिओ पाइपलाइन फुल एचडी, ६० फ्रेमसाठी नीट चालत होती. पिक्सेल क्लॉक १४८.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे एका क्लॉकला साधारण ६.७ नॅनोसेकंद. मग मागणी आली फोर-के, ३० फ्रेमची. क्लॉक थेट दुप्पट, २९७ मेगाहर्ट्झ, आणि हातात उरले ३.३७ नॅनोसेकंद. टायमिंग बसवायचं काम टीममधल्या नव्या इंजिनिअरकडे होतं. एका सकाळी तो माझ्या डेस्कपाशी आला. "मॅडम, टायमिंग बसलंय. बोर्डवर चित्रही दिसतंय. पण मधूनच एखादी फ्रेम तुटते."

मी आधी जुना, न बसलेला टायमिंग रिपोर्ट मागितला. कुठे काय दुखत होतं ते कळल्याशिवाय औषध बरोबर की चूक हे कसं सांगणार? सगळ्यात वाईट पाथ सुरू होत होता मेमरीकडे पिक्सेल पाठवणाऱ्या फिफोच्या फुल फ्लॅगपासून, आणि संपत होता पाइपलाइनच्या पहिल्या स्टेजमधल्या रजिस्टरच्या क्लॉक एनेबल पिनवर. मध्ये चौदा स्टेज. आणि डेटाची दिशा बरोबर उलटी.

प्रत्येक स्टेजमध्ये ही एक ओळ होती:

```verilog
assign s_ready = !m_valid || m_ready;
```

माझं रजिस्टर रिकामं असेल, किंवा पुढचा आत्ता माझ्याकडचं घेत असेल, तर मी मागच्याकडून घ्यायला तयार आहे. व्हॅलिड आणि रेडी दोन्ही एकाच क्लॉकला वर असले की देवाणघेवाण झाली, एवढाच करार. एक स्टेज म्हणून ही ओळ निर्दोष आहे. पण चौदा स्टेज जोडल्या की पहिलीचं रेडी दुसरीवर, दुसरीचं तिसरीवर, असं करत थेट फिफोच्या फुल फ्लॅगवर अवलंबून राहतं. व्हॅलिड आणि डेटा पुढे जाताना प्रत्येक स्टेजला रजिस्टरमध्ये विसावतात. मागे येणाऱ्या रेडीला मात्र वाटेत एकही फ्लॉप नाही. सगळ्या स्टेज भरलेल्या असताना फिफो भरला, तर 'थांबा' हा निरोप त्याच क्लॉकमध्ये पहिल्या स्टेजपर्यंत पोहोचावा लागतो. मध्ये एखादी स्टेज रिकामी असेल तर साखळी तिथेच तुटते हे खरं, पण टायमिंग ॲनालिसिस शक्यता मोजत नाही. सगळ्यात लांबची वाट असू शकते एवढं त्याला पुरतं.

रिपोर्टमध्ये एक गोष्ट आवर्जून बघण्यासारखी होती. पाथची लांबी साडेचार नॅनोसेकंदांच्या आसपास, पण त्यात लॉजिकचा वाटा जेमतेम एक नॅनोसेकंद. ऑर गेट्सची साखळी टूल बऱ्यापैकी दाबून टाकतं. बाकी सगळा वेळ तारांमध्ये. निरोप चिपच्या एका कडेच्या मेमरी कंट्रोलरपाशी निघतो, दुसऱ्या कडेला पोहोचतो आणि तिथे पसरतो. पाच बाय पाचच्या फिल्टरच्या स्टेजमध्ये पंचवीस पिक्सेल, प्रत्येकी २४ बिट, म्हणजे एकाच रेडीवर सहाशे फ्लॉपचे क्लॉक एनेबल लटकलेले. म्हणून अशा पाथवर लॉजिक आणखी आवळून फारसं हाती लागत नाही. रिटायमिंगही इथे मदतीला येत नाही, कारण रेडीच्या वाटेत नुसता फ्लॉप घातला की वागणूकच बदलते.

त्याने नेमकं तेच केलं होतं. सातव्या आणि आठव्या स्टेजच्या मध्ये, रेडीवर एक फ्लॉप. पाथ दुभंगला आणि टायमिंग बसलं.

आम्ही कॅमेरा बाजूला ठेवून टेस्ट पॅटर्न लावला: दर पिक्सेलला एकाने वाढणारी संख्या. बाहेर पडणाऱ्या पिक्सेलवर लॉजिक ॲनालायझर बसवला आणि ट्रिगर लावला, रेडी खाली येईल तेव्हा. बहुतेक वेळ चौदा, पंधरा, सोळा असं शिस्तीत. एका थांब्यापाशी मात्र चाळीस, बेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. एक्केचाळीस गायब, आणि बेचाळीस दोनदा.

कागदावर क्लॉक मांडले. आठवी स्टेज थांबली, तिचं रेडी खाली आलं. सातवीला जुनंच, वर असलेलं रेडी दिसतंय. तिला वाटलं एक्केचाळीस घेतला गेला, ती बेचाळीसवर गेली. एक्केचाळीस हरवला. थांबा संपला तेव्हा आठवीचं रेडी वर गेलं आणि तिने बेचाळीस उचलला. सातवीला अजून रेडी खालीच दिसतंय, म्हणून तिने बेचाळीस तसाच धरून ठेवला. पुढच्या क्लॉकला आठवीने तोच पुन्हा घेतला.

एक गेला, एक वाढला, आणि बेरीज जुळली! ओळीतल्या पिक्सेलची संख्या बरोबर ३८४० येत होती, म्हणून आमचा मोजणारा काउंटर गप्प होता, आणि कॅमेऱ्याच्या चित्रात एक चुकीचा पिक्सेल कोणाच्या डोळ्यांना दिसणार? फ्रेम तुटायची ती हरवलेला पिक्सेल नेमका ओळीचा शेवटचा, म्हणजे ओळ संपल्याची खूण घेऊन जाणारा असला तर. मग मेमरीत लिहिणाऱ्याला दोन ओळी मिळून एकच ओळ दिसायची. सिम्युलेशनमध्ये हे सापडलं नाही, कारण टेस्टबेंचमध्ये शेवटचं रेडी कायम वर बांधलेलं होतं. खऱ्या डीडीआर४ मेमरीला दर ७.८ मायक्रोसेकंदाला रिफ्रेश लागतो. आमच्या ८ गिगाबिटच्या चिपमध्ये एकेक रिफ्रेश ३५० नॅनोसेकंदांचा, म्हणजे शंभरेक पिक्सेलचा वेळ. बहुतेक वेळा फिफो तो पचवतो, पण लिहिण्या-वाचण्याची गर्दी असली की भरतो.

"मग रेडी फ्लॉपमध्ये घालायचंच नाही का?" त्याने विचारलं. घालायचंच. पण निरोप एक क्लॉक उशिरा पोहोचणार असेल, तर त्या उशिरात आलेल्या एका पिक्सेलला बसायला जागा द्यावी लागते. स्लॅब टाकताना रांगेतून घमेली पुढे जातात तेव्हा 'थांब' ऐकू येईपर्यंत एक घमेलं हातात आलेलंच असतं. ते ठेवायला पायाशी जागा हवी. ही जागा म्हणजे स्किड बफर.

```verilog
assign s_ready = !skid_valid;

always @(posedge clk)
  if (rst) skid_valid <= 0;
  else if (s_valid && s_ready && m_valid && !m_ready) begin
    skid_valid <= 1;
    skid_data  <= s_data;
  end else if (m_ready) skid_valid <= 0;
```

मुख्य आउटपुट रजिस्टर भरलेलं असताना आणि पुढचा घेत नसताना आलेला पिक्सेल स्किडमध्ये जातो. वाट मोकळी झाली की नव्याच्या आधी तोच आउटपुट रजिस्टरमध्ये जातो. मागच्याला दिसणारं रेडी आता फक्त एका फ्लॉपमधून येतं, पुढच्या रेडीशी त्याचा त्या क्लॉकमध्ये काही संबंध नाही. दोन जागा असल्यामुळे दर क्लॉकला एक पिक्सेल हा वेगही टिकतो. एकाच जागेवर हा खेळ केला तर एक क्लॉक घ्या, एक क्लॉक द्या, असा निम्मा वेग होतो.

किंमत म्हणजे डेटाची आणखी एक प्रत. म्हणून दर चार स्टेजनंतर एक असं यांत्रिकपणे बसवण्यापेक्षा रुंदी बघून जागा निवडाव्यात असं माझं ठाम मत आहे. फिल्टरच्या खिडकीवर स्किड बफर म्हणजे आणखी सहाशे फ्लॉप. फिल्टरमधून एकच पिक्सेल बाहेर पडतो तिथे फक्त चोवीस आणि थोडे. आम्हाला अशा तीन अरुंद जागा मिळाल्या.

त्याच्याकडून मी टेस्टबेंचही बदलून घेतला. शेवटचं रेडी आता दर क्लॉकला रँडम वर-खाली होतं, व्हॅलिडकडे न बघता. आणि प्रत्येक जोडावर एक असर्शन: व्हॅलिड वर आणि रेडी खाली असेल, तर पुढच्या क्लॉकला व्हॅलिड वरच हवं आणि डेटा तोच हवा. बाहेर पडणाऱ्या आकड्यांचा क्रम वेगळा तपासला, कारण नुसत्या मोजणीने आधीच फसवलं होतं. रात्रीच्या बिल्डमध्ये स्लॅक पॉझिटिव्ह आला, आणि सगळ्यात वाईट पाथ रेडीवरून हलून फिल्टरच्या गुणाकारात गेला होता.