सॉकेट उघडं, निरोप गायब: चॅटच्या चाचणीची नोंद

सोलापुरात लाइट गेली की घरातला राउटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण गल्लीतला फायबरचा डबा कधी कधी बंद पडतो. फोनवर वायफाय फुल्ल, नेट मात्र नाही. वेबसॉकेटवर चालणाऱ्या माझ्या चॅटची खरी परीक्षा ती. सर्व्हरची प्रोसेस बंद करून ही परीक्षा होत नाही, कारण तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम कनेक्शन मिटवते आणि ब्राउझरला `onclose` लगेच मिळतो. पॅकेट नुसती हरवली तर कुणीच काही कळवत नाही. `readyState` १ वरच, म्हणजे "उघडं" असाच राहतो, `send()` मुकाट चालतो. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये टीसीपी अशा वेळी सुमारे १५ मिनिटं प्रयत्न करत राहतं.

म्हणून मी सर्व्हरकडून बाहेर जाणारी पॅकेटच अडवली:

```
sudo iptables -A OUTPUT -p tcp --sport 8080 -j DROP
```

ही बाजू मुद्दाम निवडली. फोनवरून "सात रस्त्याला आलोय, कुठंयस?" पाठवलं. ते सर्व्हरला मिळालं, ४१ क्रमांकाने डेटाबेसमध्ये गेलं. "मिळालं" ही सर्व्हरची पोच मात्र वाटेतच अडली. फोनच्या दृष्टीने मेसेज गेलेलाच नाही, त्यामुळे तो पुन्हा पाठवणार. प्रत्येक मेसेजला फोननेच आधी आयडी दिलेला असेल आणि डेटाबेसमध्ये त्यावर युनिक बंधन असेल, तरच दुसऱ्या खेपेला सर्व्हर नवी नोंद न करता "४१ च" असं उत्तर देतो. नाहीतर समोरच्याला तोच प्रश्न दोनदा दिसतो.

तुटल्याचं फोनला कळावं म्हणून सर्व्हर दर १० सेकंदांनी एक छोटा मेसेज पाठवतो. प्रोटोकॉलचा पिंग ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला दिसत नाही, म्हणून हा साधा मेसेजच ठेवलाय. २५ सेकंद काहीच आलं नाही की फोन नवीन सॉकेटच्या मागे लागतो. इथे `onclose` ची वाट पाहू नये. मेलेल्या नेटवर `close()` नंतर तो लगेच येत नाही.

नियम काढल्यावर (`-A` च्या जागी `-D`) सगळ्यात मजेशीर भाग. जुन्या कनेक्शनवर अडकलेली पोच आता टीसीपी पुन्हा पाठवतं, आणि तोवर नवीन सॉकेटही उघडलेलं असतं. एका कनेक्शनमध्ये क्रम बिघडत नाही, बिघडतो तो दोन कनेक्शनच्या सांध्यावर. म्हणून जुन्या सॉकेटचे हँडलर आधीच काढून टाकायचे.

जोडणी झाली की फोन सांगतो, "माझ्याकडे ४० पर्यंत आहे". सर्व्हर ४१ पासूनचं काढेपर्यंत ४४ ताजा येऊन धडकतो. तो लगेच दाखवायचा नाही, ४१ ते ४३ येईपर्यंत थांबवायचा. फोनच्या घड्याळावरून क्रम लावायला माझा साफ विरोध आहे. दोन फोनची घड्याळं जुळलेली नसली की उत्तर प्रश्नाच्या वर चढतं.

पुढची चाचणी: ४२ क्रमांक दिला गेला, पण डेटाबेसचा व्यवहार रद्द झाला, तर फोन कधीही न येणाऱ्या मेसेजसाठी अडून बसेल. त्यासाठी "४२ रिकामा" असं कळवणारा मेसेज लिहायला घेतलाय.