८३ कधी येणार

"सर, दीड वर्षाचे लॉटरीचे निकाल एक्सेलमध्ये घातलेत, कुठला आकडा किती वेळा आला तेबी काढलंय. मग पुढं कुठला येणार ते का निघत नाही?"

बेळगावच्या टिळकवाडीत माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे, टॅली आणि एक्सेल शिकवतो. जीएसटीबद्दल जितकं विचारत नाहीत त्याहून जास्त हेच विचारतात. विचारणारे सगळे क्लासचे विद्यार्थी नसतात, एक तर आमच्या घरचेच आहेत. उचगावचे माझे मामा. रिटायर झाल्यावर नातवाच्या लॅपटॉपवर एक्सेल शिकले आणि पहिलंच काम हे केलं, दुसऱ्या एका राज्याच्या रोजच्या सोडतीचे पाचशे निकाल मोबाईलवर बघून बघून टाईप केले, दर निकालात पहिल्या बक्षिसाच्या नंबरातले फक्त शेवटचे चार आकडे. आणि तिकीट? कर्नाटकात २००७ पासून लॉटरी बंद, म्हणून कधी शिनोळीकडं गेले की हद्दीपलीकडं महाराष्ट्राचं घ्यायचे. म्हणजे निकाल एका लॉटरीचे आणि तिकीट दुसऱ्याच लॉटरीचं. मी हे दाखवलं तेव्हा म्हणाले, "आकडे सगळीकडं तेच की रे." असो, ते बाजूला ठेवू, कारण मुख्य घोळ तिथं नाहीच.

त्यांची शीट उघडली. शेवटच्या दोन आकड्यांचा एक रकाना, आणि शेजारी ०० पासून ९९ पर्यंत प्रत्येकाची मोजणी:

```
=RIGHT(A2,2)
=COUNTIF(B$2:B$501,D2)
```

हे बरोबर आहे. पाचशे सोडती आणि शंभर शक्यता, म्हणजे प्रत्येक आकड्याच्या वाट्याला सरासरी ५ येतात. मामांच्या शीटमध्ये ४७ आलेला बारा वेळा आणि ८३ एकदाही नाही. ४७ ला त्यांनी हिरवा रंग दिलेला, ८३ ला लाल, आणि मला म्हणाले आता तूच सांग, चालणाऱ्यावर बसायचं का रखडलेल्यावर?

इथं बहुतेकांची समजूत अशी असते की सोडत खरी असेल तर सगळे आकडे चार-पाच-सहा वेळा, असे सारखे सारखे यायला पाहिजेत, आणि एखादा बारा वेळा आला म्हणजे त्यात काहीतरी आहे. उलट आहे ते. शंभरच्या शंभर आकडे पाच-पाच वेळा आले असते तर मी म्हटलं असतं की कुणीतरी ठरवून काढतंय. पूर्ण नशिबावर सोडलं तर सरासरी ५ असताना साधारण तीन आकडे दहा किंवा त्याहून जास्त वेळा येतात आणि चारेक आकडे एकदाच येतात किंवा येतच नाहीत. निदान एक तरी आकडा बारा किंवा त्याच्या वर जाण्याची शक्यता शंभरात चाळीसच्या आसपास आहे, आणि पाचशे सोडतींत एकही न आलेला आकडा निघण्याची तर जवळजवळ निम्मी निम्मी. म्हणजे मामांचा हिरवा ४७ आणि लाल ८३ दोन्ही अगदी घरचे पाहुणे, यायचेच होते. फक्त कुठल्या नावानं येणार ते ठरलेलं नव्हतं.

तोंडी सांगून हे कुणाला पटत नाही, मामांना तर नाहीच. म्हणून शेजारी नवीन शीट उघडली आणि पाचशे ओळींत एवढंच भरलं:

```
=RANDBETWEEN(0,99)
```

मोजणीचा फॉर्म्युला तोच लावला, तोच हिरवा-लाल रंग दिला. इथं कुठलं मशीन नाही, तिकीट नाही, सोडत नाही. पहिल्यांदा २६ आला अकरा वेळा. एफ-नाइन दाबलं की सगळे आकडे बदलतात, मग ७१ बारा वेळा. परत दाबलं, ०८ दहा वेळा आणि दोन आकडे गायब. मामा वीसेक वेळा दाबत बसले, दर वेळी नवीन हिरवा, नवीन लाल. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या शीटमध्ये आणि ह्याच्यात फरक काय?" मला तेच त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

फरक आहे का हे मोजताबी येतं, आणि त्यासाठी एकेका आकड्याकडं बघायचं नाही, शंभरांकडं एकदम बघायचं. प्रत्येक आकड्याची मोजणी ५ पासून किती लांब गेली ते घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा, ५ ने भागायचं आणि सगळ्यांची बेरीज. ह्याला काय-स्क्वेअर म्हणतात, एक्सेलमध्ये एकाच सेलचं काम आहे:

```
=SUMPRODUCT((E2:E101-5)^2)/5
```

शुद्ध नशीब असेल तर ही बेरीज ९९ च्या आसपास येते, आणि साधारण ७१ ते १२७ मध्ये कुठंही आली तरी कान टवकारायचं कारण नाही. मामांची आली १०६. खूप वर, समजा १६० वगैरे आली असती तर बघण्यासारखं होतं, आणि ४० आली असती तर त्याहून जास्त बघण्यासारखं, कारण इतके सारखे आकडे नशीब देत नाही, माणूस मनानं भरतो तेव्हा तसे येतात.

तरी त्यांच्या मनात ४७ राहिलाच. म्हणून अजून एक केलं, जे माझ्या मते ह्या सगळ्यात सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी लोक करतात. पाचशे निकाल दोन भागांत तोडले, आधीचे अडीचशे आणि नंतरचे अडीचशे. पहिल्या भागातले सगळ्यात जास्त आलेले दहा आकडे काढले, ते दहा मिळून तिथं ५६ वेळा आलेले. आता तेच दहा दुसऱ्या भागात किती वेळा? आकड्यांना खरंच काही सवय असेल तर पन्नासच्या जवळपास यायला पाहिजेत, नसेल तर नुसते सरासरीचे २५. आले २३. आधीच्या अडीचशेंतले हिरो पुढच्या अडीचशेंत गर्दीत मिसळून गेले. ज्यांना आपली "सिस्टीम" चालते असं वाटतं त्यांनी हे एकदा करून बघावं, म्हणजे आकडे ज्या निकालांवरून निवडले त्याच निकालांवर ते तपासायचे नाहीत, निवडताना न बघितलेल्या निकालांवर तपासायचे.

आणि रखडलेला ८३. "इतके दिवस आला नाही, आता यायलाच पाहिजे," हे तर आमच्याकडं बस स्टँडवरबी ऐकू येतं. पण बसला वेळापत्रक असतं, उशीर झालेली बस निघालेली तरी असते. सोडतीच्या मशीनकडं ८३ ची बाकी लिहून ठेवलेली वही नाही. पाचशे वेळा न आलेल्या ८३ ची उद्याची शक्यता शंभरात एक, आणि बारा वेळा आलेल्या ४७ चीबी शंभरात एकच. अजून शंभर दिवस थांबलात तरी ८३ न येण्याची शक्यता शंभरात सदतीस उरते.

मग ही मोजणी कशाचीच नाही का? आहे, आणि त्यातच मामांची खरी मजा झाली. दोन आकड्यांचं झाल्यावर त्यांनी चार आकड्यांतल्या पहिल्या आकड्याची मोजणी दाखवली. १ ते ९ सगळे पन्नासच्या पुढं, आणि ० च्या पुढं शून्य! मामा खूश, कारण ही तर सिस्टीमच सापडली, शून्यानं सुरू होणारा नंबर लागतच नाही. ५० यायला पाहिजेत तिथं पाचशेत एकही नाही, हे नशिबानं होणारच नाही, एवढं त्यांचं बरोबर होतं. फक्त कारण सोडतीत नव्हतं, लॅपटॉपमध्ये होतं. ०४१२ टाईप केलं की एक्सेल त्याला संख्या समजतं आणि पुढचं शून्य खाऊन ४१२ ठेवतं, मग पहिला आकडा काढला की ४ मिळतो. तपासायला लांबी मोजली:

```
=SUMPRODUCT(--(LEN(A2:A501)<4))
```

उत्तर ५२. म्हणजे बावन्न नंबर तीन आकडी किंवा त्याहून लहान होऊन बसलेले, आणि अपेक्षा होती ५० ची. `=LEFT(TEXT(A2,"0000"),1)` असं केल्यावर बावन्नच्या बावन्न शून्य परत आले आणि बाकीचे खाली उतरले. (पुढच्या वेळी टाईप करायच्या आधीच रकाना टेक्स्ट करून ठेवा, सगळाच ताप वाचतो.) शेवटच्या दोन आकड्यांना ह्याचा धक्का लागला नव्हता, कारण ४१२ चे शेवटचे दोन १२ च राहतात, आणि ०००७ चं नुसतं ७ झालं तरी COUNTIF ते ०७ मध्येच धरतं.

अशा गोष्टी ही मोजणी, म्हणजे फ्रिक्वेन्सी, छान पकडते. एकच निकाल दोनदा पेस्ट झालाय, सुट्टीच्या दिवशी आदल्या दिवसाचाच नंबर भरलाय, किंवा निकालाच्या यादीत नंबर लहानापासून मोठ्याकडं लावलेले असताना दर वेळी वरचाच उचलला म्हणून लहान आकडे वाढलेत. काही वेळा तिकिटाची रचनाबी दिसते, नंबर १००००० पासून छापत असतील तर सहा आकड्यांतला पहिला शून्य कधीच दिसणार नाही, पण ती बातमी नव्हे, ते तिकिटावर बघूनच कळतं.

"आणि कुणी खरंच घोटाळा करत असेल तर?" हे मामांचं शेवटचं अस्त्र. त्यांना अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाची गोष्ट सांगितली. २४ एप्रिल १९८० ला तिथल्या तीन आकडी सोडतीत ६६६ आला. ४ आणि ६ सोडून बाकीच्या बॉलमध्ये सुईनं पांढरा रंग भरून ते जड केले होते, म्हणजे वर येणार ते फक्त ४ नाहीतर ६, एकूण आठ नंबर. एवढा मोठा घोटाळा, पण एकाच सोडतीचा. वर्षभराच्या मोजणीत ६६६ पुढं एक वाढला असता, बास. तो फुटला तो त्या आठ नंबरांवर एकदम वाढलेल्या तिकीट खरेदीमुळं, आणि तो खरेदीचा आकडा आपल्या शीटमध्ये कधी येतच नाही. बारीक खोट असेल, म्हणजे एखादा आकडा शंभरात एकऐवजी दीड या हिशेबानं येत असेल, तर पाचशे सोडतींत तो पाचऐवजी साडेसात वेळा येणार, आणि साडेसात तर नुसत्या नशिबानंबी कितीतरी आकडे गाठतात. ते दिसायला कित्येक हजार सोडती लागतील, तेवढ्यात मशीन, बॉल, नियम, सगळं बदललेलं असेल.

मामांनी शीट बंद केली नाही, रोज एक ओळ वाढवतात, आता रकाना टेक्स्ट करून. परवा सकाळी सकाळी फोन, "आला बघ, ८३ आला!" तिकीट घेतलं होतं का विचारलं तर नाही म्हणाले, नुसतं कळवायला फोन केला. आणि ठेवता ठेवता, "पण १९ ला लय दिवस झाले रे."