दिवाळीनिमित्त दवाखाना बंद राहील

दवाखान्याच्या सुट्टीची पाटी लिहिणं वरकरणी पाच मिनिटांचं काम. कोरा कागद, जाड स्केचपेन, वर ‘शुभ दीपावली’, खाली दोन तारखा आणि कोपऱ्यात हौसेने काढलेली पणती. मी लहान मुलांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आमचं. नंबर लावायचे, केसपेपर काढायचे, फोन घ्यायचे आणि सणासुदीला ही पाटी लिहायची. पणती मला झकास जमते. घाम फुटतो तो तारखा लिहिताना.

२०२५ ची दिवाळीच घ्या. अमावास्या २० ऑक्टोबरच्या दुपारी लागली आणि २१ च्या संध्याकाळी संपली. आपलं लक्ष्मीपूजन मंगळवारी, २१ ला. पण आमच्या गावात फरशी बसवणारी, सुतारकाम करणारी बरीच कुटुंबं उत्तरेकडची आहेत, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांची दिवाळी सोमवारीच होती. त्यांची लेकरं आमच्याकडेच येतात. तेव्हा ‘लक्ष्मीपूजन ते भाऊबीज बंद’ असं लिहून भागत नाही. ‘दि. २३ पर्यंत बंद’ लिहिलं, तर तेवीसला उघडा की बंद यावर शटरसमोर परिसंवाद भरतो. म्हणून मी सरळ वार आणि तारीख दोन्ही घालते: रविवार १९ ते गुरुवार २३ बंद, शुक्रवार २४ ला सकाळी दहाला सुरू. सुरू कधी होणार हे ठळक. बंद आहे हे तर शटरच सांगतं.

शटरवरून आठवलं. पूर्वी ही पाटी आतल्या काचेच्या दारावर चिकटवायची पद्धत होती. म्हणजे दवाखाना उघडा असताना सगळ्यांना दिसणार, आणि बंद झाला की शटरच्या आड जाणार. ज्याच्यासाठी लिहिली त्यालाच ती दिसू नये, असा हा बंदोबस्त. आता एक प्रत आठवडाभर आधी काउंटरवर लागते आणि दुसरी शेवटच्या दिवशी बाहेर, शटर ओढल्यावर, नजरेच्या उंचीला, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारून.

पण खरं काम पाटीत नसतं, वहीत असतं. सुट्टीच्या दिवसांवर ज्यांचे नंबर आधीच दिलेले आहेत, त्यांना अलीकडे आणायचं की पुढे ढकलायचं? बाहेरच्याला वाटेल, काय फरक पडतो, दोन दिवस इकडे नाहीतर दोन दिवस तिकडे. आमच्या मॅडम मात्र त्या दिवसांचं पान घेऊन बसतात आणि प्रत्येक नावापुढे बाण काढतात. बाण डावीकडे म्हणजे आधी बोलवा, उजवीकडे म्हणजे नंतर. काही नावांपुढे बाण नसतो, नुसती चौकट असते. ती नावं हलवायची नाहीत.

एका बाळाचा पेंटा लसीचा दुसरा डोस बुधवारी २२ तारखेला, ऐन पाडव्याला येत होता. पहिला डोस २४ सप्टेंबरला झालेला. बाळाची आई आदल्या आठवड्यात काउंटरवर आली. बाळाची पहिली दिवाळी, रविवारी माहेरी निघायचं. म्हणाली, “ताई, शुक्रवारीच टोचून द्या की. म्हणजे एक काम हातावेगळं होईल.”

तिचं म्हणणं किती रास्त वाटतं बघा. वीजबिल आधी भरलं तर कुणी नको म्हणत नाही. पण लसीचं गणित उलटं आहे. पेंटाच्या दोन डोसांत निदान चार आठवडे, म्हणजे अठ्ठावीस दिवस जावे लागतात. शुक्रवारी १७ ला ते तेवीसच भरत होते. पहिल्या डोसाने शरीरात जी तयारी चालू झालेली असते, ती पुरी व्हायच्या आत दुसरा डोस दिला तर त्याचा प्रतिसाद हवा तसा येत नाही, आणि फारच लवकर दिलेला डोस मोजणीत धरत नाहीत, पुन्हा द्यावा लागतो. उशीर झाला तर मात्र काही बिघडत नाही. चार-आठ दिवसच काय, जास्त दिवस गेले तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलंय तिथून पुढे जायचं. अर्थात तेवढे दिवस बाळाचं संरक्षण अपुरं राहतं, म्हणून मुद्दाम लांबवायचं नाही.

मॅडमनी तिला बोलावून हेच सांगितलं आणि वर आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला जास्त पटली. पेंटाच्या डोसानंतर पहिल्या दोन दिवसांत पुष्कळ बाळांना ताप येतो. दहा आठवड्यांच्या बाळाला ताप आला, की तो लसीचा आहे की आणखी कशाचा हे घरी बसून सांगता येत नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप डॉक्टरने बघायलाच हवा. दवाखाना बंद व्हायच्या तोंडावर डोस द्यायचा, आणि दोन दिवसांत बाळ एसटीत आजीच्या गावाला निघालेलं, अंगात ताप. असली हौस कुणाला पाहिजे? नंबर सोमवारी २७ ला गेला. बाई खूश होऊन गेली, कारण माहेरी चार दिवस जास्त मिळत होते.

उलट, डावीकडचे बाण असतात ते टाके काढायचे आणि औषध संपत आलेले. दम्याचा एक मुलगा आहे, रोजचा पंप घेणारा. त्याची तपासणी मंगळवारी होती. त्याला पुढे ढकलणं म्हणजे फटाक्यांच्या धुरात त्याला मोकळा सोडणं. त्याला गुरुवारी १६ लाच बोलावलं, पंप आणि स्पेसर आणायला सांगितलं, पंपावरचा आकडा बघितला. अठरा फवारे उरले होते. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन धरले तर लक्ष्मीपूजनाच्या आत संपणार. नवा पंप लिहून दिला. धाप वाढली तर निळा पंप किती घ्यायचा आणि कधी थेट दवाखान्यात न्यायचं, हे मॅडमनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. तो कागद फ्रिजवर लावा म्हणाल्या.

काही कामं अशी, की ती आधी उरकली तरी पंचाईतच होते. टीबीची मॉन्टू टेस्ट हातावर टोचली, की अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांत ती फुगी मोजावी लागते. शनिवारी टोचली तर मोजायचा दिवस सोमवार-मंगळवार, आणि तेव्हा आम्ही अभ्यंगस्नान आणि फराळात. म्हणून गुरुवारनंतर मॉन्टू बंद. हे पाटीवर लिहीत नाही, पण वहीच्या त्या पानावर वर लाल शाईने लिहिलेलं असतं.

आता चौकट. बुधवारी १५ तारखेला एका मुलाला कुत्रा चावला. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन घेतली होती, हे त्याच्या आजीचं श्रेय. पोटरीत दात रुतले होते, रक्त आलं होतं, म्हणून रेबीजच्या लसीबरोबर जखमेत सीरमही त्याच दिवशी दिलं. या लसीचे दिवस ठरलेले: शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस. यात पहिला डोस हा शून्यावा दिवस असतो. वडील त्याला एक धरून बोटं मोजत होते, त्यामुळे दुसरा डोस त्यांच्या हिशेबाने शुक्रवारी येत होता. खरा शनिवारी, १८ ला. आणि सातवा दिवस? बुधवार २२. पुन्हा पाडवा. “गुरुवारी भाऊबीज झाली की येऊ का?” असं त्यांनी विचारलं, तेव्हा मॅडम एरवी ज्या आवाजात बोलत नाहीत त्या आवाजात ‘नाही’ म्हणाल्या.

हे डोस सोयीने हलवायचे नसतात. सरकारी रुग्णालयात ही लस दिवाळीतही मिळते. पण तिथे बहुतेक वेळा ती कातडीत देतात, आम्ही दंडाच्या स्नायूत देतो, आणि दोन्हींचं वेळापत्रक थोडं वेगळं. अडल्यावर बदलता येतं, पण टाळलेलं बरं. मग ज्या मोठ्या हॉस्पिटलवर आम्ही सुट्टीतले पेशंट सोपवतो, तिथे मॅडमनी स्वतः फोन करून लसीचं नाव आणि पद्धत सांगितली. कार्डावर पाचही तारखा वारासकट लिहून दिल्या आणि पाडव्याची तारीख गोल केली. त्या दिवशी सकाळी मी वडिलांना फोन करून आठवण दिली. ते म्हणाले, “निघालोच आहे, करंज्या घेऊन.”

राहिली पाटीची शेवटची ओळ: ‘तातडीच्या वेळी संपर्क’. बहुतेक दवाखान्यांत ही ओळ गेल्या वर्षीच्या पाटीवरून उतरवलेली असते, आणि नंबर सोडून गेलेल्या एखाद्या कंपाउंडरचा असतो. काही ठिकाणी चक्क दवाखान्याचाच लँडलाइन, जो बंद शटरच्या आत एकटाच वाजत बसणार. माझा नियम असा, की कागदावर लिहिलेला नंबर कागदावर बघूनच डायल करायचा, पाठ असलेला नव्हे. पलीकडून कोण उचलतं ते ऐकायचं. आणि त्या हॉस्पिटलच्या काउंटरला विचारायचं, की आमचे पेशंट येणार हे तुम्हाला ठाऊक आहे ना? एकदा तरी “कोणते पेशंट?” असं उत्तर येतंच.

नुसता नंबर दिला की फोन येतात ते असे: चकली खाल्ल्यापासून खोकतोय, शाळा कुठली चांगली. म्हणून आता नंबरच्या वर दोन ओळी असतात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, फिट, फटाक्याने भाजणे, डोळ्याला इजा: फोन करत बसू नका, निघा. गाडी नसेल तर १०८. भाजल्यावर वीस मिनिटं नळाचं गार वाहतं पाणी, टूथपेस्ट नाही, शाई नाही. ‘शाई नाही’ ही भर माझी आहे, आणि ती मी अनुभवावरून घातली आहे.

पुढे ढकललेले नंबर शुक्रवारी २४ ला मुळीच द्यायचे नाहीत, हेही ठरलेलं. त्या दिवशी दारात सगळ्या गावाचा खोकला आणि बिघडलेली पोटं उभी असतात. लसीच्या तान्ह्या बाळांना त्या गर्दीत बसवायचं कशाला? त्यांची पाळी सोमवारी दुपारी, वेगळ्या वेळेला. पेंटावाली बाई तशी आली, बाळाच्या कपाळाला हे मोठं काजळ लावून. डोस झाल्यावर कार्ड पुढे करून म्हणाली, “ताई, तिसरा कधी?” मी कॅलेंडर उलटलं. २४ नोव्हेंबर, सोमवार. “सण नाही ना त्या दिवशी कुठला?” तिने विचारलं. नव्हता. त्या आठवड्यात फक्त तिच्या चुलत नणंदेचं लग्न होतं.